गवंड्याने चित्र बघून विचारलं, "छत बांधायचं कसं?" हा प्रश्न त्याने विचारावा का?

उंबरठा
आमच्या घराचं काम लवकरच सुरू होणार आहे. आर्किटेक्टने संगणकावर तयार केलेली दोन चित्रं पाठवली, एक बाहेरून आणि एक हॉलमधून. बाहेरच्या चित्रात सपाट छत समोरच्या भिंतीच्या पुढे आलंय आणि त्याखाली एकही खांब नाही. आतल्या चित्रात त्याच भिंतीला लागून छतात काचेची लांब पट्टी आहे, तिच्यातून ऊन भिंतीवर उतरतंय. घरात सगळ्यांना फार आवडलं. मग गावातल्या गवंडीकाकांना दाखवलं. त्यांनी दोन्ही कागद ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले, खराट्याची काडी मोडून दाराची उंची मोजली, छताची जाडी मोजली आणि म्हणाले, "दार सात फुटी धरलं तर छत चार इंची दिसतंय आणि पुढे सात फूट आलंय. बांधायचं कसं?" आर्किटेक्टला फोन केला तर उत्तर आलं, की हे चित्र आहे, बांधकामाचं ड्रॉइंग नाही, आणि हा गवंड्याने विचारायचा प्रश्नही नाही. आता घरात दोन तट पडलेत. तुम्हाला काय वाटतं?

रेषा
मी आर्किटेक्ट आहे, त्यामुळे माझं मत एका बाजूने झुकलेलं वाटेल, पण ते मनापासून आहे. असं चित्र घरच्या माणसांसाठी असतं. घरात राहताना कसं वाटेल, ऊन कुठून येईल, अंगणातून येताना काय दिसेल, एवढं त्यांना कळावं आणि त्यांनी हो किंवा नाही म्हणावं म्हणून आम्ही ते काढतो. छताची जाडी, सळई, बीम हे सगळं नंतर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जातं. पहिल्याच दिवशी "बांधायचं कसं" हा प्रश्न मध्ये आला की घरचे घाबरतात, आणि हातात उरतं तेच चौकोनी घर, तोच अडीच फुटी छज्जा. माझी तीन डिझाइनं अशीच गेली. प्रत्येक वेळी कुणीतरी अनुभवी माणूस येऊन म्हणाला, "असं होत नाही." त्यातली दोन होण्यासारखी होती.

थापी
रेषाताई, त्या काकांनी "असं होत नाही" म्हटलेलंच नाही. "कसं" एवढंच विचारलंय. यात फार फरक आहे. माझे वडील गवंडी होते, मी सेंट्रिंगचं काम बघतो. "होत नाही" म्हणणारा माणूस कागद बाजूला सारतो. काडीने जाडी मोजणारा माणूस मनातल्या मनात टेकू लावायला लागलेला असतो.

पायाड
माझा ठेक्याचा अनुभव वेगळा सांगतो. गवंड्याने ड्रॉइंगप्रमाणे काम करावं, शंका असेल तर ठेकेदाराला विचारावी. मालकासमोर प्रश्न काढला की मालकाच्या मनात किडा शिरतो, मग तो रोज कुणाला तरी विचारत फिरतो आणि काम दोन महिने लांबतं. जबाबदारी ज्याची सही असते त्याची. गवंड्याची सही कुठेच नसते.

थापी
सही नसते, हे खरं. पण टेकू काढताना छताखाली तोच उभा असतो.

कौलारू
माझं मत, सपाट छताच्या भानगडीत पडूच नका. दोन्ही बाजूंनी उताराचं छत करा, पाणी आपोआप निघून जातं, गळतीचा प्रश्नच येत नाही. आमच्याकडे सपाट स्लॅबवर दोनदा कोबा केला तरी ओल आली.

उंबरठा
धन्यवाद, पण प्रश्न गळतीचा नाही. सपाट की उताराचं, हे आमचं ठरलेलं आहे.

हिशेबी
यात एवढं काय अवघड आहे? भिंतीच्या पुढे येणाऱ्या स्लॅबमध्ये सळई वरच्या अंगाला घालतात, हे कुणालाही माहीत आहे. सात फूट म्हणजे जरा जास्त आहे, मग सळई दुप्पट घाला. चार इंच कमी वाटत असेल तर सहा करा. इंजिनिअर दहा मिनिटांत काढून देईल. काकांचा प्रश्न चांगला आहे, पण उत्तरही सोपं आहे.

ओळंबा
मी स्ट्रक्चरचं काम करतो. सळई वरच्या अंगाला घालतात हे हिशेबी यांचं म्हणणं बरोबर आहे आणि तिथेच ते थांबतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. काकांनी दोन चित्रं शेजारी ठेवली, ही या सगळ्या गोष्टीतली मोठी बाब आहे आणि तिच्याकडे अजून कुणी बघितलेलं नाही.

भिंतीच्या पुढे अधांतरी आलेलं छत एका टोकाला मुठीत धरलेल्या फळीसारखं असतं. पुढचं टोक खाली जाऊ बघतं, म्हणून वरचं अंग ताणलं जातं. तो ताण घ्यायला वर सळई लागते. पण सळई घेतलेला ताण कुठे नेऊन सोडते? भिंतीपाशी ती संपवून चालत नाही. ती मागे, हॉलवरच्या स्लॅबमध्ये लांब जावी लागते. साधा ठोकताळा असा, की जेवढं छत पुढे आलंय त्याच्या दीडपट तरी मागे. सात फुटाला साडेदहा फूट. मागच्या स्लॅबचं वजन पुढच्या भागाला धरून ठेवतं.

आता आतलं चित्र बघा. भिंतीला लागून छतात काचेची पट्टी आहे. म्हणजे बरोबर ज्या जागेतून सळई मागे जायला हवी, तिथे स्लॅबच नाही. बाहेरून छत सलग दिसतं, आतून ते भिंतीपाशी तुटलेलं आहे. एकेक चित्र वेगळं बघितलं तर दोन्ही ठीक वाटतात. शेजारी ठेवली की कळतं, पुढचा भाग मागे कुणालाच धरून नाही. काकांनी विचारलं ते जाडीबद्दल, पण त्यांच्या डोक्यात हे आलं असणार असं मला वाटतं. उंबरठा, पट्टी किती रुंद आहे आणि पुढे आलेला भाग किती लांबीचा आहे, ते कळेल का?

उंबरठा
पट्टी तीन फूट रुंद, भिंतीच्या पूर्ण लांबीएवढी. पुढचा भाग वीस फूट लांब आणि सात फूट पुढे. भिंतीच्या दोन टोकांना कॉलम आहेत, मध्ये एकही नाही.

आणि हो, काकांनी नंतर एक वाक्य बोललं होतं, ते मी लिहिलं नव्हतं कारण तेव्हा अर्थ लागला नव्हता. काचेच्या पट्टीवर बोट ठेवून ते म्हणाले, "इथून गज कुठं न्यायचा?"

हिशेबी
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण मग भिंतीवरचा बीम आहे की. पुढचा स्लॅब त्या बीमला जोडा. मागे स्लॅब नसला म्हणून काय झालं?

ओळंबा
बरोबर, मग सगळं त्या बीमवर येतं. म्हणजे काय होतं ते आकड्यात बघू, अगदी मोजके आकडे घेतो.

सात फूट पुढे येणारा स्लॅब मी तरी भिंतीपाशी नऊ इंच जाड धरेन आणि टोकाला निमुळता करत साडेचार इंचांवर आणेन. चार इंची सपाट स्लॅब तिथे नकोच. तो लगेच पडेल असं नाही म्हणत, पण टोक झुकेल आणि वर्षागणिक झुकत राहील. अशा निमुळत्या स्लॅबच्या एक फूट रुंद पट्टीचं वजन पावणेतीनशे किलोच्या पुढेमागे भरतं. वीस फुटांचं साडेपाच टन. त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर, कधी वर चढलेली माणसं. हे सगळं वजन भिंतीपासून सरासरी तीन फूट बाहेर लटकलेलं आहे. मागे स्लॅब असता तर त्याने तोल धरला असता. तो नाही, म्हणून बीम स्वतःभोवती पिळला जाणार. ओला टॉवेल पिळताना जसं होतं तसं.

आपल्याकडे घरांना नेहमी घालतात तो नऊ इंच रुंद, दीड फूट उंच बीम या पिळाला पुरत नाही. मी ढोबळ हिशेब करून बघितला, काँक्रीटवर येणारा ताण मर्यादेच्या बराच वर जातो. तिथे सळई कितीही वाढवली तरी उपयोग नाही, बीमचा आकारच वाढवावा लागतो. एक फूट रुंद आणि दोन फूट उंच केला, रिंगा जवळजवळ घातल्या, तर जमण्यासारखं आहे. पण पीळ तिथे संपत नाही. तो दोन्ही टोकांच्या कॉलममध्ये उतरतो आणि त्यांना बाहेरच्या बाजूला वाकवू बघतो. म्हणजे कॉलमही मोठे, त्यांचा पायाही त्या हिशेबाने. चित्रातल्या त्या बारीक कॉलमचं काय होणार, ते आर्किटेक्टना आजच कळलेलं बरं.

रेषा
तुमचं गणित मी नाकारत नाही. पण हे गणित इंजिनिअरने केलंच असतं ना? चित्र मंजूर झाल्यावर फाइल त्यांच्याकडे गेली असती, त्यांनी सांगितलं असतं, आम्ही बदललं असतं. कामाचा क्रम असाच असतो. आणि तुम्हीच म्हणालात, मोठ्या बीमने जमतं. म्हणजे डिझाइन चुकीचं नाही. ते महाग असेल, अवघड असेल.

ओळंबा
अवघड आहे, अशक्य नाही, हे मान्य. क्रमाबद्दल मात्र मतभेद आहे. चित्र मंजूर होतं म्हणजे घरच्यांच्या मनात ते घर बांधून होतं. त्यानंतर दोन फूट उंचीचा बीम आला की तो त्यांना खोट वाटतो. इथे तर आतल्या चित्रात काचेची पट्टी भिंतीच्या माथ्याला थेट भिडलेली आहे. तिथे दोन फुटी बीम आला की ऊन भिंतीवर तसं उतरणारच नाही, आधी बीमवर पडेल. ज्या गोष्टीला घरचे हो म्हणाले, तीच बदलते.

जाई
मला बांधकामातलं फारसं कळत नाही, पण वाचताना काळजी वाटायला लागली. आमच्या घराला पुढे पोर्च आहे, पाच-साडेपाच फूट बाहेर आलेला, खांब नाही. स्लॅब टाकला तेव्हा मी तिथे होते. जाळीवर पाट्या टाकायला माणसं सारखी जात-येत होती, सळया पायाखाली वाकत होत्या आणि परत कुणी उचलल्याचं मला आठवत नाही. आता चार वर्षांनी गच्चीवर, भिंतीपासून वीतभर अंतरावर, भिंतीला समांतर एक चीर आली आहे. टोकाला एक बोटभर तरी उतार आलाय असं माझ्या मुलाचं म्हणणं. ज्यांनी बांधलं त्यांना बोलावलं, तर त्यांनी वरून सिमेंट भरलं आणि खालून गिलावा केला. पावसाळ्यानंतर चीर परत दिसते आहे. हे साधं आहे की गंभीर?

ओळंबा
जाईताई, हे गंभीर धरून चाला. खालच्या गिलाव्याला बारीक केसासारख्या रेषा आल्या तर बहुतेक वेळा तो फक्त गिलावा असतो. पण बाहेर आलेल्या स्लॅबला वरच्या अंगाने, भिंतीजवळ, भिंतीला समांतर चीर येते तेव्हा ती ताणाच्या जागी आलेली असते. आणि तुम्ही डोळ्यांनी बघितलेली गोष्ट तिच्याशी जुळते.

समजा स्लॅब पाच इंची आहे. सळई वरून एक इंच खाली असेल तर तिला खालपासून जवळपास चार इंचांचा आधार मिळतो, त्यावर ती काम करते. पायाखाली दबून ती आणखी दोन इंच खाली गेली तर उरतात जेमतेम दोन. सळई तेवढीच, काँक्रीट तेवढंच, आणि ताकद निम्मी. म्हणून हिशेबींना म्हणत होतो, सळई किती यापेक्षा ती कुठे आहे हे इथे जास्त मोलाचं आहे.

आज करायचं एवढंच. पोर्चच्या टोकाखाली फळी घालून दोन-तीन टेकू लावा, हाताने घट्ट होतील इतकेच, जॅक लावून स्लॅब वर उचलायला जाऊ नका. वर कुंड्या, टाकी, वाळत घातलेलं धान्य, काहीही ठेवू नका आणि वर कुणी जाऊ नका. चिरेत पाणी जाणार नाही एवढं झाका, पण सिमेंट भरून ती लपवू नका, कारण ती वाढते का हे बघायचंय. चिरेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. आणि जवळच्या इंजिनिअरला प्रत्यक्ष बोलवा. सळई किती खोल आहे हे न फोडता शोधणारं यंत्र असतं, त्याने शंका फिटेल.

जाई
टेकू आजच लावून घेते. आभार.

थापी
जाईताईंचं वाचून सेंट्रिंगवाला म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण "छत बांधायचं कसं" यात हेही येतं आणि ते कुठल्याच ड्रॉइंगवर नसतं.

एक म्हणजे खुर्च्या. वरची जाळी वर राहावी म्हणून खाली सळईच्याच वाकवलेल्या खुर्च्या लावतात. बाहेर आलेल्या भागात त्या अडीच-तीन फुटांवर एकेक हव्यात, आणि जाळीवर पाय पडू नये म्हणून खुर्च्यांवर, जाळीला न टेकणाऱ्या फळ्यांची वाट करायची. माझे वडील काँक्रीट पडत असताना हातात आकडा घेऊन उभे असायचे. कुणाचा पाय पडला की ते ती सळई आकड्याने वर ओढायचे. दिवसभर एकच काम. लोक म्हणायचे, हा म्हातारा काही करत नाही.

दुसरं म्हणजे टेकू काढणं. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब असेल तर मधले टेकू आधी काढतात आणि भिंतींकडे सरकतात. बाहेर आलेल्या छताचं उलट. तिथे टोकाचे टेकू आधी, मग हळूहळू भिंतीकडे. भिंतीजवळचे आधी काढले आणि टोकाचे राहिले तर छत टोकावर आणि भिंतीवर टेकल्यासारखं होतं, खालचं अंग ताणलं जातं, आणि खाली तर सळई नावालाच असते. मी एका ठिकाणी हे होताना बघितलंय. खालून मधोमध चीर गेली. पोरं नवीन होती, भिंतीजवळचे टेकू हाताला लागले म्हणून आधी ओढले.

पायाड
हे सगळं बरोबर आहे आणि माझ्या साइटवर मी ते करून घेतो. पण यावरून माझाच मुद्दा सिद्ध होतो. हे करून घेणं ठेकेदाराचं काम आहे. गवंड्याला वाटलं म्हणून नाही, पद्धत आहे म्हणून व्हायला हवं.

थापी
पद्धत आहे म्हणून व्हायला हवं, मान्य. पण पद्धत चित्राला लावून बघायला कुणीतरी "कसं" विचारावं लागतं. त्या काकांच्या आधी कुणी विचारलं होतं?

हिशेबी
मी रात्री कागदावर आकृत्या काढून बघितलं. एक सुचतंय. काचेची पट्टी तशीच ठेवा, पण दर चार-पाच फुटांवर तिच्यातून एकेक बीम आडवा न्या. बाहेरच्या छतातून सुरू होऊन, भिंतीवरून, पट्टी ओलांडून, हॉलच्या स्लॅबमध्ये. मग सळई त्या बीममधून मागे जाईल आणि पीळ राहणार नाही. चालेल का?

ओळंबा
चालेल, आणि मी सुचवणार होतो त्यातला पहिला उपाय हाच. वीस फुटांत मधले तीन आणि टोकाचे दोन असे पाच बीम पुरतील. ते मागे नीट लांब न्यावे लागतील, पट्टी ओलांडून लगेच संपवून चालणार नाहीत. पट्टीचे तीन फूट वजा जातात, म्हणून हॉलच्या स्लॅबमध्ये मी आठ-नऊ फूट तरी घालीन.

रेषा
मग ती पट्टी राहिली कुठे? चार चौकोनी खिडक्या झाल्या. भिंतीवर उन्हाची सलग धार होती, तिथे ऊन-सावली-ऊन-सावली येणार. कदाचित तेही सुंदर दिसेल, पण ते दुसरं घर आहे. बीम वरच्या बाजूला उलटे घेतले तर? म्हणजे खालून स्लॅब सपाट, बीम गच्चीवर उभे. काच बीमच्या खालच्या पातळीला सलग जाईल, वरून फक्त त्यांची सावली पडेल.

ओळंबा
हे होऊ शकतं. सलग काच बसवणं कठीण आहे, पण करतात. फक्त मग काकांना आणखी एक प्रश्न पडेल, आणि तो रास्त असेल: पाणी कुठून जाणार? उलट्या बीममुळे गच्चीचे कप्पे होतात. प्रत्येक कप्प्यातलं पाणी पुढे जायला बीमच्या तळाशी पाइप घालावा लागतो, तोही काँक्रीट टाकतानाच. नंतर भोक पाडायला गेलात तर नेमकी सळई कापली जाते. आणि प्रत्येक कप्पा तुमच्या काचेला लागून आहे. पाइप पाल्यापाचोळ्याने तुंबला की पाणी काचेच्या कडेवर चढेल. काचेची कड कप्प्याच्या तळापासून सहा इंच तरी वर उचलून घ्यावी.

कौलारू
म्हणजे शेवटी गळतीचाच प्रश्न आला!

ओळंबा
आला, आणि तुमचा मुद्दा आधी बाजूला सारला गेला होता, हेही खरं. पाण्याचा विचार नंतर करायचा विषय नाही.

जाई
मला एक विचारायचंय. एवढं सगळं करण्यापेक्षा छत हलकं केलं तर? काँक्रीटच नको, लोखंडी सांगाडा आणि वर पत्रा, खालून फळ्या.

ओळंबा
हा उपाय मी टाळत नाही. त्या चित्रातली चार इंची कड खरोखर हवी असेल, तर लोखंडी सांगाडा तिच्या सर्वांत जवळ जातो. पुढचे सांगाडे निमुळते करता येतात, वजन काँक्रीटच्या काही अंशच भरतं, पीळही तेवढाच कमी. पण हलक्या छताचं दुखणं वेगळं आहे. वारा खालून शिरला की ते वर उचललं जातं. काँक्रीटला खाली पडू द्यायचं नसतं, याला वर जाऊ द्यायचं नसतं. म्हणून भिंतीवरचे बोल्ट बीममध्ये खोल, काँक्रीट टाकतानाच घातलेले हवेत. आणि आता ते काम गवंड्याच्या हातून वेल्डरच्या हातात जातं. दोघांची मापं एकमेकांना जुळली पाहिजेत. गावात तसा वेल्डर आहे का, हे उंबरठाच सांगू शकतील.

पायाड
माझा साधा सल्ला. छत सात फुटांऐवजी तीन फूट पुढे आणा. नऊ इंची बीमवर, काचेच्या पट्टीसकट, बहुतेक निभावेल. आर्किटेक्टला नवं काढायला एक दिवस लागेल.

रेषा
तीन फूट म्हणजे छज्जा. त्या अंगणात सावलीत बसायची जागा हवी म्हणून सात फूट होतं, असं मला चित्राच्या वर्णनावरून वाटतं. त्यापेक्षा पुढच्या कडेखाली दोन बारीक लोखंडी खांब द्या. छत मग अधांतरी राहत नाही, सळईचा सगळा हिशेब बदलतो, पट्टी सलग राहते. मी स्वतः खांब टाळले असते, पण काचेची पट्टी आणि खांबाशिवायचं छत यातलं एक निवडायचं असेल तर मी पट्टी निवडेन. आणि हे निवडायचं आहे हे घरच्यांना पहिल्या भेटीत सांगायला हवं होतं. ते काकांमुळे पुढे आलं, हे मला कबूल आहे. तरीही माझं म्हणणं कायम आहे, की हा प्रश्न त्यांनी घरच्यांना नाही, आर्किटेक्टला विचारायला हवा होता.

थापी
आर्किटेक्ट समोर कुठे होते? समोर कागद होता.

उंबरठा
सगळ्यांचं वाचलं, काल हे सगळं छापून काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी पुढचे खांब आणि पट्टीतले बीम या दोन्ही गोष्टी ऐकून घेतल्या. मग खडू घेऊन ओट्यावर छत काढलं, वरून नाही, बाजूने कापल्यासारखं. पुढे सात फूट, मध्ये भिंत, मग काच, मग हॉल. पुढच्या टोकाला खांबाची रेघ काढली आणि म्हणाले, "हे बांधेन." मग ती रेघ पुसली, पट्टीतून मागे जाणारा बीम काढला आणि म्हणाले, "हेही बांधेन, पण गज मीच बांधणार आणि ओतताना जाळीवर कुणी चढायचं नाही."

आर्किटेक्टना मी तोच खडूचा फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, आधी जरा नाराज होते. मग म्हणाले की सेक्शन काढून इंजिनिअरकडे देतो, दोन्ही पर्यायांचा. घरात आईला खांब नको आहेत, वडिलांना हवेत. ते अजून ठरलेलं नाही.

एक विचारायचं राहिलं. काका म्हणाले काचेचं माप आत्ता द्यायचं नाही, स्लॅबखालचे टेकू काढून झाल्यावरच घ्यायचं. काचवाला मात्र आत्ताच ऑर्डर मागतोय. काका सांगतात तेच बरोबर ना?

ओळंबा
काकांचंच बरोबर. टेकू निघाले की छत थोडं बसतं, सुतभर का होईना, आणि काचेला तेवढंही सोसत नाही. हे टेकू तीन आठवडे तरी राहू द्या, त्यानंतरच फट मोजा. आणि एका जागी नको, वीस फुटांत पाच-सहा जागी मोजा.